'व्हिटॅमिन कमी आहे' म्हणजे अंगदुखीचे निदान झाले नाही

परवा एक ताई आल्या. वय ४३, प्राथमिक शाळेत शिक्षिका. खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी टेबलावर फाईल ठेवली आणि म्हणाल्या, "डॉक्टर, चार वर्षांचं सगळं आहे यात. आता काय ते एकदाचं निघू दे."

अंगभर दुखणे घेऊन येणाऱ्या बहुतेक स्त्रियांच्या तोंडी हे वाक्य मी ऐकतो. काहीतरी निघू दे. आजार व्हावा म्हणून कोणी असे म्हणत नाही. घरी सगळे म्हणतात, "रिपोर्ट तर नॉर्मल आहेत, मग तुला होतंय काय?" त्यांना दाखवायला एखादा कागद हवा असतो, म्हणून माणूस असे म्हणतो.

पण या ताईंचे रिपोर्ट नॉर्मलही नव्हते, आणि खरा घोळ तिथेच झाला होता. चार वर्षांत त्यांनी तीन वेळा 'फुल बॉडी चेकअप'चे पॅकेज केले होते. प्रत्येक वेळी काहीतरी जाड अक्षरात छापून आले, आणि जे जाड अक्षरात आले त्यावर उपचार झाला. पहिल्या वर्षी व्हिटॅमिन डी १६ आले. दर आठवड्याला ६०,००० युनिटची पुडी, मग इंजेक्शने. दुसऱ्या वर्षी टीएसएच ६.४ आला आणि थायरॉइडची २५ मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली. तिसऱ्या वर्षी आरए फॅक्टर २४ आला. 'संधिवात आहे' असे सांगून तीन आठवडे स्टेरॉइड आणि नंतर सहा महिने संधिवाताची दुसरी गोळी दिली गेली.

आता फाईल नीट वाचा. मी पानांवर पेन्सिलीने तारखा जुळवत वाचली. डी १६ वरून ४८ वर गेले, दुखणे तसेच. टीएसएच ६.४ वरून २.८ वर आला, थकवा तसाच. म्हणून गोळी ५० ची केली, तरी थकवा तसाच. स्टेरॉइडने पहिले दोन-तीन दिवस हुशारी वाटली, दुखणे हलले नाही.

म्हणजे प्रयोग तीनदा झाला आणि तिन्ही वेळा निकाल आला. एखाद्या कमतरतेमुळे अंग दुखत असेल, तर ती भरून काढल्यावर काही महिन्यांत दुखणे जायला हवे. गेले नाही, तर दुखण्याचे कारण ती कमतरता नव्हती. इतके साधे आहे. पण कोणी मागे वळून हा निकाल वाचला नाही. पुढचे पॅकेज केले, पुढची जाड अक्षरे शोधली. आमच्या व्यवसायाची ही सवय मला खुपते, आणि त्यात मीही आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी मीसुद्धा अंगदुखीच्या प्रत्येक रुग्णाला डी लिहून देत होतो. सोपे पडते ते. रुग्ण खूश, दहा मिनिटांत पुढचा नंबर.

फाईल मी बाजूला ठेवली. एका कोऱ्या कागदावर माणसाची बाह्याकृती काढली, पुढून आणि मागून, आणि ताईंच्या हातात पेन दिले. गेल्या आठवड्यात जिथे जिथे दुखले तिथे रेघा मारा. दोन्ही खांदे, दोन्ही दंड, मान, पाठीचा वरचा आणि खालचा भाग, दोन्ही नितंब, दोन्ही मांड्या, डावी पोटरी. मोजण्यासाठी शरीराचे १९ भाग ठरलेले आहेत, त्यातले त्यांनी बारा रंगवले.

मग झोपेबद्दल विचारले. "झोप लागते हो, पण सकाळी उठते ती रात्रभर दळण दळल्यासारखी." वर्गात हजेरी घेताना मुलांची नावे चुकतात, स्वयंपाकघरात जाऊन कशाला आलो ते आठवत नाही. डोके आठवड्यातून तीन-चार दिवस दुखते. पोटात कळा येतात, पोटाची सोनोग्राफी दोनदा स्वच्छ आली आहे. हे सगळे साडेचार वर्षे.

रक्तदाब मोजताना दंडावरचा पट्टा फुगला तशा त्या कळवळल्या. हे लक्षात ठेवा. नेहमीच्या माणसाला त्या पट्ट्याचा दाब जाणवतो, पण तो दुखत नाही. "मुलीने मिठी मारली तरी नको वाटतं, आणि तिला ते सांगताही येत नाही," असे त्या म्हणाल्या तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

तपासणीत आधी सांधे पाहिले. बोटांची पेरे, मनगटे, घोटे, गुडघे. दुखणे खूप, पण सूज कुठेच नाही. मूठ वळल्यावर उंचवट्यांमधल्या खोलगट जागा स्पष्ट दिसत होत्या. सांध्याला सूज असेल तर त्या भरून येतात. मग त्यांना जमिनीवर उकिडवे बसायला लावले आणि हाताचा आधार न घेता उठायला सांगितले. त्या कण्हत उठल्या, पण उठल्या. स्नायूंची ताकद शाबूत होती. टाचेमागच्या स्नायुबंधावर हातोडी मारली, पाऊल झटकन हलले आणि झटकन परत आले. पायाच्या अंगठ्यावर कंपनाचा काटा ठेवला, थरथर नीट कळत होती. नडगीच्या हाडावर दाबले, विशेष काही नाही.

शेवटी हळव्या जागा. अंगठ्याने दाबत जायचे, नख पांढरे पडेपर्यंत. हा दाब साधारण चार किलोचा भरतो. डोक्याच्या मागे जिथे मान सुरू होते तिथे, मान आणि खांदा यांच्या मधोमध, छातीच्या दुसऱ्या बरगडीपाशी, कोपराच्या बाहेरच्या बाजूला, नितंबाच्या वरच्या भागात, गुडघ्याच्या आतल्या अंगाला. अशा अठरा जागा आहेत. चौदा ठिकाणी ताईंनी "आई गं" केले. १९९० च्या अमेरिकी निकषांत अठरापैकी अकरा लागत. २०१० पासून ही मोजणी सक्तीची राहिली नाही, कारण डॉक्टरांचे अंगठे सारखे दाबत नाहीत आणि आजार हळव्या जागांपुरता नाही. मी तरी अजून दाबून पाहतो. सगळ्या रिपोर्टवर विश्वास ठेवून कंटाळलेल्या माणसाच्या अंगाला कोणीतरी हात लावतो, एवढ्यानेही फरक पडतो.

आता २०१६ चे सुधारित निकष लावले. दुखणाऱ्या भागांचा अंक १२. थकवा, ताजेतवाने न वाटणे आणि विसरभोळेपणा यांना प्रत्येकी तीनपैकी गुण, शिवाय डोकेदुखी, पोटदुखी, उदासपणा यांना एकेक. ताईंचे थकव्याला दोन, झोपेला तीन, विसरण्याला दोन, डोके एक, पोट एक. एकूण बारापैकी नऊ. भागांचा अंक सात किंवा जास्त आणि हा अंक पाच किंवा जास्त, दुखणे शरीराच्या पाच विभागांपैकी निदान चारांत, आणि किमान तीन महिने चाललेले. इतके जुळले की त्याला फायब्रोमायल्जिया म्हणतात. अर्धा तास गेला. रक्ताचा एक थेंब लागला नाही.

तुम्ही म्हणाल, मग थायरॉइड, व्हिटॅमिन, संधिवात यांनी अंग दुखतच नाही का? दुखते, आणि चांगलेच दुखते. म्हणूनच माझा राग आहे. हे आजार खरोखर असतात तेव्हा ते फक्त रिपोर्टमध्ये नसतात, अंगावर दिसतात. त्यांचा चेहरा वेगळा असतो आणि तो पाहायला कोणी थांबत नाही.

व्हिटॅमिन डी घ्या. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक पस्तिशीतल्या बाई आल्या होत्या. अंगदुखी, थकवा, झोप नाही, रिपोर्ट 'जवळजवळ नॉर्मल'. मी फायब्रोमायल्जिया म्हणून गोळ्या दिल्या. तीन महिन्यांनी त्या दवाखान्यात शिरत असताना मी सहज त्यांची चाल पाहिली. बदकासारखी, दोन्ही बाजूंना झुलत. विचारले तर म्हणाल्या, खाली बसले की उठताना कोणीतरी हात द्यावा लागतो, बसची पायरी चढता येत नाही. नडगी दाबली तर ओरडल्या. हे मी पहिल्याच दिवशी विचारायला आणि पाहायला हवे होते. त्यांचे अल्कलाइन फॉस्फटेज वरच्या मर्यादेच्या तिप्पट होते, कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही कमी, डी ५. हाडे मऊ झाली होती. डी आणि कॅल्शियम योग्य मात्रेत दिल्यावर तीन महिन्यांत त्या जिना चढू लागल्या. डीमुळे होणारी अंगदुखी अशी असते. ताकद जाते, हाडे दुखतात, फॉस्फटेज वाढते, आणि उपचार केला की बरे वाटते.

या ताईंच्या १६ चे काय? थोडे कमी आहे, भरून काढायला हरकत नाही. पण रिपोर्टवर ३० च्या खालचे सगळे जाड अक्षरात छापले जाते, आणि त्या तीसचीही एक गोष्ट आहे. २०११ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने सांगितले की बहुसंख्य लोकांच्या हाडांना २० पुरते. त्याच वर्षी तिथल्या एंडोक्राइन सोसायटीने ३० हवे असे म्हटले, आणि जगभरच्या लॅबनी तीस उचलले. २०२४ मध्ये त्याच सोसायटीने तीसचा आग्रह सोडला आणि धडधाकट प्रौढांची डीची सरसकट तपासणी करू नका असेही सांगितले. लॅबच्या कागदावर मात्र तीस तसेच आहे. त्या आकड्याने आपल्याकडे निम्मी चाळ 'कमतरतेची रुग्ण' ठरते. इतक्या लोकांत जे सापडते ते एकीच्या दुखण्याचे कारण कसे ठरवणार? आणि 'घेतलं तर बिघडलं काय' म्हणून लाखो युनिटची इंजेक्शने पुन्हा पुन्हा घेतली, तर कॅल्शियम वाढून तहान, बद्धकोष्ठता, उलट्या आणि मूत्रपिंडाचा त्रास होतो. तेव्हा बिघडते.

थायरॉइडचेही तसेच. ग्रंथी खरी मंदावते तेव्हा टीएसएच सहा-सात नसतो, बहुधा कितीतरी जास्त असतो आणि टी फोर कमी असते. आवाज घोगरा होतो, कातडी कोरडी पडते, थंडी सोसत नाही, पाळीत रक्तस्राव वाढतो, नाडी मंद होते. टाचेवर हातोडी मारली की पाऊल पटकन हलते पण जागेवर परत यायला रेंगाळते. ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही. स्नायू दुखत असतील तर सीपीके वाढलेले सापडते. टीएसएच ६.४ आणि टी फोर नॉर्मल, यात यातले काही नसते. अशा सौम्य वाढीत गोळीने थकवा जातो का, हे युरोपात ६५ वर्षांवरच्या ७३७ जणांवर वर्षभर तपासले गेले. २०१७ मध्ये निकाल आला: खरी गोळी आणि खोटी गोळी यांत थकव्याला काही फरक नाही. ताई तरुण आहेत हे मान्य, पण त्यांचा स्वतःचा प्रयोग फाईलमध्येच होता.

बी-१२ बद्दल थोडक्यात. शाकाहारी लोकांत ते कमी सापडते आणि भरून काढावेच. पण त्याच्या खुणा म्हणजे तळपायांना मुंग्या, बधिरपणा, अंधारात तोल जाणे, जीभ लाल होणे. अंगठ्यावरच्या काट्याची थरथर कळत नाही. दाबल्यावर अंगभर दुखणे ही बी-१२ ची ओळख नव्हे.

राहिला संधिवात, म्हणजे सुजेचा. ताईंना सगळ्यात जास्त भीती याचीच होती, कारण त्यांच्या मावशीची बोटे वाकडी झालेली त्यांनी पाहिली होती. आरए फॅक्टर हा शब्द ऐकून त्या दोन वर्षे रोज सकाळी आपली बोटे निरखत होत्या. कोणी त्यांना सांगितले नाही की शंभर निरोगी माणसांत साधारण पाच जणांचा आरए फॅक्टर पॉझिटिव्ह येतो, आणि वयाबरोबर हे प्रमाण वाढते. सूज नसताना ही तपासणी करणे म्हणजे नसलेली भीती विकत घेणे आहे. सुजेच्या संधिवातात सांधा फुगतो, गरम लागतो, अंगठी बोटात अडकते. सकाळचा ताठरपणा तासभर टिकतो आणि हालचाल केली की सुटत जातो. फायब्रोमायल्जियातही सकाळी अंग आखडते, म्हणून नुसत्या ताठरपणावर जाऊ नका. पण तिथे काम वाढले की दुखणे वाढते आणि सांध्यावर सूज दिसत नाही. ईएसआर आणि सीआरपी सहसा नॉर्मल असतात. ताईंचा ईएसआर २६ होता, तोही जाड अक्षरात. स्त्रियांसाठी वयात दहा मिळवून दोनने भागायचे, साधारण वरची मर्यादा मिळते. ४३ ला ती साडेसव्वीस. म्हणजे नॉर्मल.

मग मी तपासण्या करतो की नाही? करतो, मोजक्या. हिमोग्राम, ईएसआर, सीआरपी, टीएसएच, साखर, क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फटेज. ताकद कमी वाटली तर सीपीके. डी आणि बी-१२ खुणा असतील तर. कोलेस्टेरॉलची स्टॅटिनची गोळी चालू आहे का, हेही विचारतो, कारण तिनेही स्नायू दुखतात. आणि काही माणसांना मी फायब्रोमायल्जिया म्हणायची घाई कधीच करत नाही. साठीनंतर पहिल्यांदाच खांदे आणि कंबर आखडली, वजन उतरले, ताप येतो, पहाटे कंबर दुखून जाग येते आणि चालल्यावर बरे वाटते, एकाच बाजूला किंवा एकाच जागी दुखते, ताकद कमी होत चालली आहे. यांचा शोध वेगळा.

आणखी एक वाद मिटवतो. आमच्यातलेच काही डॉक्टर म्हणतात, फायब्रोमायल्जिया हा आजारच नाही, काही सापडले नाही की लावायची चिठ्ठी आहे. २००२ मध्ये अमेरिकेत रुग्णांचे आणि निरोगी लोकांचे अंगठ्याचे नख दाबून त्याच वेळी मेंदूचे स्कॅन केले गेले. निरोगी माणसाला जेवढा दाब दुखतो, त्याच्या जवळपास निम्म्या दाबाला रुग्णांच्या मेंदूतले वेदनेचे भाग तसेच उजळले. दुखणे स्नायूत तयार होत नाही, मज्जासंस्थेत त्याचा आवाज वाढवला जातो. रेडिओचे बटण वरच अडकले आहे असे समजा. म्हणून स्नायूचा एमआरआय स्वच्छ येतो, आणि म्हणूनच स्टेरॉइड आणि साध्या वेदनाशामक गोळ्या फारशा लागू पडत नाहीत. 'मनाचे खेळ' म्हणणाऱ्यांनी एकदा त्या रक्तदाबाच्या पट्ट्याखाली रुग्णाचा चेहरा पाहावा.

ताईंना मी आजाराचे नाव सांगितले, लिहून दिले आणि यजमानांना पुढच्या वेळी बरोबर आणायला सांगितले. ते आले. त्यांच्यासमोरच पुन्हा जागा दाबून दाखवल्या. संधिवाताची गोळी बंद केली. रात्री झोपायच्या दोन तास आधी ॲमिट्रिप्टिलीन १० मिलिग्रॅम. ही उदासपणाची गोळी आहे असे दुकानदार सांगेल, पण इतक्या कमी मात्रेत ती झोप आणि वेदनेसाठी असते. तोंड कोरडे पडते, पहिले काही दिवस सकाळी जड वाटते. आणि चालणे: सुरुवात सपाट रस्त्यावर पाच मिनिटे, दर तीन-चार दिवसांनी एक मिनिट वाढवायचे. बरे वाटले म्हणून एके दिवशी घरभर जाळी झाडायची नाहीत, दुखले म्हणून पूर्ण बंदही करायचे नाही. पहिले तीन आठवडे चालून दुखणे वाढते. हे आधी सांगितले नाही तर माणूस तिथेच सोडतो.

सहा महिन्यांनी दहापैकी आठ असलेले दुखणे पाचवर आले आहे. गेलेले नाही, आणि पूर्ण जाईल असे मी त्यांना सांगितलेले नाही. त्या आता रोज पंचवीस मिनिटे चालतात, आठवड्यातून एखादीच वेदनाशामक गोळी घेतात. मुलगी मिठी मारते तेव्हा आधी विचारते.

थायरॉइडची गोळीही आम्ही बंद केली आणि दोन महिन्यांनी टीएसएच पाहिला, ५.९ आला, टी फोर नॉर्मल. वर्षातून एकदा पाहत राहू. पण हे वाचून तुम्ही आपली गोळी परस्पर बंद करू नका. गोळी सुरू होण्यापूर्वीचा तुमचा टीएसएच किती होता तो कागद शोधा. तो दहाच्या वर असेल, टी फोर कमी असेल, ग्रंथीची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा मूल हवे असेल, तर तुमचा हिशेब वेगळा आहे. कागद सापडला नाही तर तुमच्या डॉक्टरांना तो विचारा, आणि त्यांच्याकडून हातोडी मारून घ्यायला विसरू नका.